लवचीक तुळईवरील संवेदकाचे स्थान आणि शून्यांचे स्थलांतर

एका टोकाशी मोटर बसविलेली लवचीक तुळई क्षितिजसमांतर प्रतलात फिरवावयाची आणि तिचे मोकळे टोक नेमक्या जागी आणून स्थिर करावयाचे, असा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट कॅनन व एरिक श्मिट्झ यांनी केला. त्याचा वृत्तान्त १९८४ साली प्रसिद्ध झाला. तोवरच्या यंत्रबाहूंत मोजमाप मोटरच्या आसापाशी होत असे. या दोघांनी संवेदक मोकळ्या टोकाकडे नेला. वरवर पाहता बदल एवढाच. परंतु त्याने समस्येचे गणिती स्वरूपच पालटले.

हे स्वरूप सर्वस्वी अज्ञात होते असे मात्र नव्हे. लवचीक अवकाशवाहनांच्या नियंत्रणाचा विचार करताना विल्यम गेव्हार्टर यांनी १९७० सालीच दाखविले होते की, संवेदक व प्रेरक एकाच ठिकाणी असले तर कंपनांच्या स्थैर्याची हमी सहज मिळते. ते विलग झाले की ती हमी नाहीशी होते. याचे कारण एका सरळ उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एकविध तुळई घेऊ. तिची लांबी, वस्तुमान व वाकण्यास होणारा विरोध ही सर्व एकक मानू, मोटरच्या आसाचे जडत्व नगण्य समजू. तुळईला एक दृढ परिभ्रमण असते. त्यानंतरच्या कंपनप्रकारांच्या कोनीय कंप्रता १५.४, ५०.० अशा वाढत जातात. हे झाले संक्रमण फलनाचे ध्रुव. संवेदक कोठेही ठेवला तरी ते बदलत नाहीत. बदलतात ती शून्ये.

प्रथम आसाचा कोन मोजू. ज्या कंप्रतेला टॉर्क देऊनही आस मुळीच हलत नाही, ती कंप्रता म्हणजे शून्य. आस न हलणे म्हणजे ते टोक भिंतीत घट्ट रोवल्यासारखेच; म्हणून ही शून्ये एका टोकाशी जखडलेल्या तुळईच्या कंप्रतांवर, म्हणजे ३.५२, २२.० अशा ठिकाणी पडतात. प्रत्येक दोन ध्रुवांमध्ये एक शून्य असा हा क्रम आहे. आसाच्या कोनीय वेगाच्या प्रमाणात विरुद्ध टॉर्क दिला, तर मोटर केवळ ऊर्जा शोषून घेते. प्रवर्धन कितीही वाढविले तरी आदर्श तुळई अस्थिर होत नाही. (प्रत्यक्षात मोटर व प्रवर्धक यांची स्वतःची दिरंगाई असते, तेव्हा हे ‘कितीही’ कागदावरचेच समजावे.)

आता संवेदक मोकळ्या टोकाशी नेऊ. एखाद्या कंपनप्रकाराचा वाटा किती, हे आसाजवळील उतार व टोकाचे विस्थापन यांच्या गुणाकाराने ठरते. दृढ परिभ्रमणाचा गुणाकार +३, पहिल्या कंपनप्रकाराचा −१०.८, दुसऱ्याचा +२०. खरा घोटाळा त्या ऋण चिन्हात आहे. टोकाच्या वेगावर आधारलेले जे प्रत्याभरण परिभ्रमणाला आवर घालते, तेच पहिल्या कंपनाला खतपाणी घालते. तुळईचे नैसर्गिक अवमंदन क्रांतिक अवमंदनाच्या एक टक्का धरले, तर प्रवर्धन ०.०२९ च्या आसपास पोचताच कंपने विझण्याऐवजी वाढू लागतात. या मर्यादेत परिभ्रमण शांत होण्याचा कालस्थिरांक पहिल्या कंपनाच्या सुमारे २९ आवर्तनांएवढा येतो. एवढ्या मंद बाहूचा उपयोग तो काय! प्रयोगात हा दोष लगेच ओळखू येतो: प्रवर्धन थोडे वाढविताच पहिल्याच कंप्रतेचे दोलन फुगू लागते.

दृढ परिभ्रमण व पहिले कंपन एवढेच प्रतिमान घेऊन संवेदक आसापासून टोकाकडे सरकवीत गेले, तर शून्याचा प्रवास पाहण्याजोगा आहे. ते काल्पनिक अक्षावर वर चढते. संवेदक लांबीच्या ०.७४ अंशावरील निस्पंद बिंदूशी येताच पहिल्या ध्रुवाशी एकरूप होते आणि त्या क्षणी ते कंपन संवेदकाला दिसेनासे होते. पुढे ते ध्रुवाच्या वर जाते. संवेदक सुमारे ०.८० वर असता ते अनंताकडे निघून जाते आणि त्यानंतर वास्तव अक्षावर, धन व ऋण अशा जोडीने, परत येते. उजव्या अर्धप्रतलातील हे धन शून्य कोणत्याही नियामकाला पुसता येत नाही. प्रणालीच्या प्रतिसादाच्या वेगावर ते कायमची मर्यादा घालते.

कॅनन व श्मिट्झ यांनी म्हणूनच साधे प्रत्याभरण सोडून दिले. तुळईचे गणिती प्रतिमान नियामकातच बसवून त्यायोगे न मोजलेल्या कंपनांचा अंदाज घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला, आणि तो यशस्वी झाला. मात्र यामुळे सारा भार प्रतिमानाच्या अचूकतेवर पडला. त्याच वर्षी कॅनन व रोझेन्थाल यांनी पिळाच्या दांडीवर ओवलेल्या चार तबकड्यांच्या प्रयोगातून दाखविले की, ध्रुव व शून्य यांचा क्रम किंचित चुकीचा धरला गेला तरी नियंत्रण कोसळू शकते.

हा नाजूकपणा तुळईच्या बाबतीत किती आहे, याचे विश्लेषण स्पेक्टर व फ्लॅशनर यांनी १९९० साली केले. आपल्या उदाहरणातच त्याचा पडताळा घेता येतो. संवेदक टोकाशी असता एकच कंपनप्रकार धरला, तर पहिले धन शून्य ९.६ वर येते; दुसरा प्रकार मिळविला की ते १२.१ वर जाते; तुळईचे समीकरण पूर्ण सोडविले असता ते ११.२ वर सापडते. ध्रुवांचे असे होत नाही: वरचे कितीही प्रकार गाळले तरी खालचे ध्रुव जागचे हलत नाहीत. कंप्रता मोजून ‘प्रतिमान जुळले’ असे म्हणणाऱ्या संशोधकाची शून्ये त्यामुळे चुकीच्या ठिकाणी असू शकतात, आणि कंप्रतांच्या कोष्टकात त्याचा मागमूसही लागत नाही. त्यासाठी टॉर्कपासून टोकापर्यंतचा प्रतिसाद, कलेसह, प्रत्यक्ष मोजावा लागतो.