इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसे मागावे?

सॉफ्टवेअर इंटर्नशिपच्या अर्जात ‘कॉलेजचे पत्र’ मागितले असेल, तर आधी ते कोणते हे पाहावे. विद्यार्थी आपल्याकडे शिकतो आणि त्याला पाठवण्यास कॉलेजची हरकत नाही, असे सांगणारे पत्र म्हणजे ना हरकत पत्र. ते विभागप्रमुख किंवा प्लेसमेंट सेल देतो. विद्यार्थ्याचे काम कसे आहे, हे सांगते ते शिफारसपत्र. ते शिकवणारे प्राध्यापकच लिहू शकतात.

कोणाकडे मागावे?

पदाने मोठ्या व्यक्तीपेक्षा ज्यांनी तुमचे काम जवळून पाहिले, त्यांच्याकडे मागावे. ज्यांच्याशी फारसा संबंध आला नाही, असे प्राध्यापक ‘मेहनती व प्रामाणिक’ एवढेच लिहू शकतात. असे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

मेसेजमध्ये काय हवे?

समजा, नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला बॅकएंड इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा आहे. मुदत २० मार्च आहे. ती १ मार्चला असा ईमेल पाठवू शकते :

> विषय : इंटर्नशिपसाठी शिफारसपत्राची विनंती (मुदत २० मार्च)
>
> नमस्कार सर,
> मी टीई संगणक, रोल नंबर ४२. मागच्या सत्रात आपण आम्हाला डीबीएमएस शिकवले. मिनी प्रोजेक्टमध्ये मी ग्रंथालयाच्या नोंदींचा डेटाबेस केला होता. एकच पुस्तक दोघांच्या नावावर चढत होते, ती चूक आपण दाखवली आणि मी ट्रान्झॅक्शन वापरून ती दुरुस्त केली.
> एका कंपनीच्या बॅकएंड इंटर्नशिपसाठी मी अर्ज करत आहे. या कामाच्या आधारे आपण शिफारसपत्र देऊ शकाल का? बायोडेटा, गुणपत्रिका, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि इंटर्नशिपची माहिती सोबत जोडली आहे. पत्र कंपनीच्या लिंकवर सरांनी स्वतः अपलोड करायचे आहे.
> वेळ नसल्यास तसे कळवावे, मी दुसऱ्या सरांना विनंती करेन.

यातला प्रोजेक्टचा तपशील सर्वांत महत्त्वाचा. शेकडो विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या सरांना त्यावरून चेहरा आठवतो आणि पत्रात लिहायला ठोस प्रसंग मिळतो. शेवटच्या ओळीमुळे त्यांना संकोच न वाटता नकार देता येतो. नाइलाजाने लिहिलेले कोरडे पत्र मिळण्यापेक्षा वेळेवर आलेला नकार बरा.

कुठे अडते?

लिंक प्राध्यापकांना थेट जाणार असेल, तर अर्जात त्यांचा कॉलेजचा ईमेल द्यावा. काही ठिकाणी वैयक्तिक ईमेल चालत नाही. लिंकचा मेल स्पॅममध्येही जातो, म्हणून अर्ज भरल्यावर ‘सर, मेल आला का?’ असे त्याच दिवशी विचारावे. होकारानंतर आठवण एकदाच, मुदतीच्या चार-पाच दिवस आधी करावी. सरांनी ‘तूच मसुदा आण’ म्हटले, तर मसुद्याऐवजी केलेल्या कामाचे मुद्दे द्यावेत. विशेषणे आणि मत सरांचेच असू द्यावे.