करंडीचा खेळ आणि त्याचे विद्यार्थी

आट्यापाट्यांचा किंवा हुतूतूचा जनक कोण, हे आपल्याकडे कोणी सांगू शकणार नाही. बास्केटबॉलचे मात्र तसे नाही. तो खेळ कोठे, केव्हा आणि कोणत्या अडचणीतून जन्मास आला हे नेमके ठाऊक असल्यामुळे, खेळ बदलणे म्हणजे नक्की काय बदलणे याचा विचार करावयास आम्हास त्यासारखे दुसरे उदाहरण दिसत नाही.

स्प्रिंगफील्ड या अमेरिकन गावी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे अध्यापन-विद्यालय होते. १८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा तरुणांचा एक वर्ग कवायतीस व कसरतीस इतका विटला होता, की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग जेम्स नेस्मिथ या कॅनेडियन तरुण शिक्षकाकडे सोपविला आणि नवा खेळ शोधण्यास त्यास चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथने प्रथम सोपा मार्ग धरला. मैदानी खेळ त्याने छपराखाली आणले. अमेरिकन फुटबॉलात प्रतिपक्षास पायांशी धरून पाडण्याऐवजी कमरेच्या वर धरावे असे ठरविले, तर खेळाडूंना त्या खेळात रामच उरला नाही असे वाटले. साध्या फुटबॉलात खिडक्यांच्या काचांवर संक्रांत आली आणि लक्रॉसच्या काठ्यांनी नवशिक्यांची तोंडे सुजली. आमच्या मते येथे चूक उघड आहे. जागा तेवढी आकसली, परंतु वेग, चेंडू आणि अंगलट हे सारे पूर्ववत् राहिले.

मुदत सरत आली तेव्हा नेस्मिथने प्रश्न उलटा मांडला. मुळात खेळाडूस पाडावे तरी का लागते? तो चेंडू घेऊन धावतो म्हणून. मग धावण्यासच मनाई केली, तर पाडण्याचे कारणच नाहीसे होते. ही एक गाठ सुटताच पुढच्या आपोआप सुटत गेल्या. गोल उभा असेल तर चेंडू जोराने फेकला जाणार. लहानपणी दगडावरचा दगड पाडण्याचा एक खेळ तो खेळत असे. त्यात अलगद कमानीने फेकणाराच जिंके, हे त्यास आठवले, आणि त्याने गोल आडवा केला. परंतु आडव्या गोलाभोवती संरक्षक कोंडाळे करतील! म्हणून तो डोक्याच्या वर नेला. शिपायाकडे त्याने दोन पेट्या मागितल्या. मिळाल्या त्या पीच फळांच्या करंड्या. सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता, तेथेच त्या ठोकल्या. आजही बास्केटची उंची दहा फूटच आहे, ती या कठड्याच्या कृपेने!

तेरा नियमांचा कागद फलकावर लागला. वर्ग अठरांचा, म्हणून नऊ-नऊ खेळाडू. त्यामागे दुसरे शास्त्र नव्हते. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला.

यापुढचे काम विद्यार्थ्यांनी केले. नियमाने चेंडू घेऊन धावणे बंद केले होते, परंतु कोंडीत सापडलेल्याने चेंडू सोडून पुन्हा घेऊ नये, असे कोठेच म्हटले नव्हते. खेळाडूंनी ही फट हेरली, आणि चेंडू आपटीत नेण्याचे आजचे कौशल्य त्यातूनच वाढले. दुसरी फट मात्र घातक निघाली. सीमेबाहेर गेलेला चेंडू जो प्रथम शिवेल त्याचा, असा नियम होता. चेंडू सज्जात गेला की दोन्ही पक्ष जिन्यावर एकमेकांस रेटू लागत. अंगलट मैदानातून हद्दपार झाली, ती जिन्यावर अवतरली! पुढे, ज्याने शेवटी स्पर्श केला त्याच्या प्रतिपक्षास चेंडू, असे ठरले तेव्हा हा प्रकार थांबला. नियम फसला हे ओळखण्याची खूण हीच, की खेळाडूंची झुंबड खेळ सोडून भलत्याच जागी दिसू लागते.

संख्येचीही परीक्षा झाली. कॉर्नेल विद्यापीठात एका बाजूस पन्नास असे विद्यार्थी उतरविले, तेव्हा चेंडूमागे लोटणाऱ्या त्या जमावाने इमारतच मोडेल या धास्तीने प्रयोग सोडावा लागला. १८९७ च्या सुमारास पाच ही संख्या स्थिर झाली.

जवळच्याच स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये हा खेळ मुलींसाठी घेतला. त्यांनी करंडी व चेंडू यांस हात लावला नाही. जागा तेवढी विभागली. मैदानाचे तीन भाग केले आणि कोणीही आपला भाग ओलांडू नये असे ठरविले. चेंडू हिसकावणे बंद झाले आणि तीन सेकंदांहून अधिक काळ तो हाती ठेवण्यास मनाई झाली. एकटीने चेंडू पळविणे अशक्य झाल्यामुळे तो फिरवीत नेणे भाग पडले. सर्वांच्या वाट्यास खेळ आला, हा लाभ खरा. परंतु मधल्या भागातील मुलीस करंडीवर नेम धरण्याची संधीच उरेना, आणि चपळ मुलीची धाव रेषेशी अडे. स्त्रियांस फार श्रम झेपत नाहीत, ही त्या काळची समजूत त्या रेषेत होती. समजूत ओसरली तरी रेषा मात्र चिवट निघाली: तीनांचे दोन भाग झाले, आणि आयोवा राज्यातील शाळांत मुलींचा हा विभागलेला खेळ १९९३ पर्यंत चालला.