किती उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या?

निकालानंतर गुणपडताळणीचे अर्ज येतात आणि त्यांत किती जणांचे गुण बदलले, यावरून तपासणीतल्या चुकांचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज फसवा असतो. अर्ज करतो तो गुण कमी पडले असे वाटणारा विद्यार्थी. चुकून जास्त गुण मिळालेला गप्प बसतो. म्हणून उत्तरपत्रिका यादृच्छिक पद्धतीने निवडाव्या लागतात. किती निवडायच्या, या साध्या प्रश्नातून नमुना पाहणीच्या शास्त्रात सहज शिरता येते. सांख्यिकी न शिकलेल्या शिक्षकांनीही याच वाटेने यावे, अशी माझी इच्छा आहे.

‘सरसकट दहा टक्के काढा’ हा प्रचलित तोडगा मला मान्य नाही. समजा, चुकांचे खरे प्रमाण 4 टक्के आहे. 400 उत्तरपत्रिकांतून 40 काढल्या, तर त्यांत एकही चूक न सापडण्याची शक्यता जवळपास पाचात एक आहे. उलट 40,000 मधून 4,000 तपासणे म्हणजे बहुधा गरजेपेक्षा जास्त श्रम.

आधी चूक म्हणजे काय ते ठरवू: बेरीज चुकणे किंवा एखादे उत्तर तपासायचे राहून जाणे. परीक्षकांच्या मतभेदाचा प्रश्न वेगळा आहे, तो यात मिसळू नये. मग थोड्या उत्तरपत्रिका चाचणीदाखल पाहायच्या. 200 मध्ये 8 चुका निघाल्या, तर p = 0.04 धरता येईल. खरे प्रमाण आपल्या अंदाजाच्या एक टक्का इकडेतिकडे असावे, आणि ही खात्री 95 टक्के असावी, असे ठरवले तर e = 0.01.

```
n = 1.96² × p × (1 − p) / e²
```

उत्तर येते 1,475. एकूण उत्तरपत्रिका 40,000 असतील, तर मर्यादित संख्येची दुरुस्ती करून 1,423 पुरतात. आणि एकूण 4 लाख असतील तर? फक्त 1,470. ढीग दहापट झाला, तरी काम जेमतेम 47 उत्तरपत्रिकांनी वाढले. मात्र दोन टक्के इकडेतिकडे चालत असेल, तर सुमारे 370 वर भागते. नमुन्याचा आकार ठरतो तो मुख्यतः आपल्याला किती अचूकता हवी यावरून.

हे गणित प्रत्येक उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे निवडली असे धरते. सोयीसाठी 25-25 चे 57 गठ्ठे उचलले, तर आकडा 1,425 होतो, पण एका गठ्ठ्यामागे एकच परीक्षक असतो. घाईने बेरीज करणाऱ्याच्या गठ्ठ्यात चुका एकदम सापडतात, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात एकही नाही. असे साम्य थोडे जरी असले, तरी एक टक्क्याची अचूकता दोन टक्क्यांवर घसरू शकते. त्यापेक्षा 40,000 उत्तरपत्रिकांच्या सर्व 1,600 गठ्ठ्यांतून एकेक काढावी. दर वेळी 1 ते 25 मधला क्रमांक नव्याने चिठ्ठीने ठरवावा, वरचीच उत्तरपत्रिका उचलू नये.