फ्रेंचमधील अंशवाचक उपपदे आणि नकारानंतरचा ‘द’

मराठीत ‘मी भात खातो’ हे वाक्य जसे आहे तसे पूर्ण आहे. भात किती, कोणता, याचा उल्लेख वाक्यात करावाच लागतो असे नाही. पोर्तुगीजमध्येही पाव खाल्ला किंवा पाणी प्यायलो असे सांगताना नामाआधी काही जोडावे लागत नाही. फ्रेंच भाषेला मात्र हे चालत नाही. तिच्यात नाम सहसा उघडे राहत नाही. त्याच्याआधी काही ना काही उपपद यावेच लागते. म्हणून ‘मी भात खातो’ हे फ्रेंचमध्ये ‘ज माँज द्यू री’ असे होते. यातील ‘री’ म्हणजे तांदूळ किंवा भात, आणि ‘द्यू’ म्हणजे त्यातला काही अनिश्चित भाग. या ‘द्यू’ला अंशवाचक उपपद म्हणतात.

त्याची घडण सोपी आहे. ‘द’ म्हणजे मराठीतील ‘चा-ची-चे’ किंवा ‘पैकी’. ‘ल’ हे पुल्लिंगी निश्चित उपपद. दोन्ही एकत्र आली की त्यांचा संकोच होऊन ‘द्यू’ होते. स्त्रीलिंगी नामाआधी संकोच होत नाही, म्हणून मांसासाठी ‘द ला व्याँद’. स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधी ‘द ल’ येते आणि ते पुढच्या स्वरात मिसळते. पाण्याचा ‘ओ’ त्यामुळे ‘द लो’ असा ऐकू येतो. अनेकवचनात ‘द’ आणि ‘ले’ मिळून ‘दे’ होते: ‘दे पॉम’, म्हणजे काही सफरचंदे. शब्दशः पाहिले तर ‘द्यू री’ म्हणजे ‘त्या भातापैकी’. जुन्या फ्रेंचमध्ये हा अर्थ खरोखरच तसा होता: समोरच्या ठरावीक भातापैकी थोडा. पुढे ‘समोरचा’ हा भाव झिजला आणि ‘थोडासा’ एवढाच उरला.

आता हेच वाक्य नकारार्थी केले की उपपद बदलते. ‘ज न माँज पा द री’: मी भात खात नाही. ‘द्यू’ गेला, नुसता ‘द’ राहिला. ‘द ला व्याँद’चे ‘पा द व्याँद’ होते, ‘दे पॉम’चे ‘पा द पॉम’, आणि ‘द लो’चे ‘पा दो’. लिंग, वचन काहीही असो, चारही रूपे एकाच ‘द’मध्ये विलीन होतात. पाठ्यपुस्तके हा नियम चौकटीत छापून पुढे सरकतात. कारण क्वचितच सांगतात. ते कारण मराठी माणसाला फार ओळखीचे आहे.

घरात काही नाही हे ठासून सांगायचे तर आपण ‘धान्य नाही’ एवढ्यावर थांबत नाही. ‘धान्याचा दाणा नाही’ म्हणतो. ‘पाण्याचा टिपूस नाही’, ‘अन्नाचा कण नाही’. नकाराला जोर यावा म्हणून एक अत्यल्प माप पुढे येते, आणि ज्या वस्तूचे ते माप, ती षष्ठीत जाते. फ्रेंचने नेमके हेच केले. जुन्या फ्रेंचमध्ये नकार क्रियापदापूर्वीच्या ‘न’ने पुरा होत असे. त्याला बळ देण्यासाठी ‘मी’ म्हणजे कण, ‘गुत’ म्हणजे थेंब, ‘प्वँ’ म्हणजे बिंदू आणि ‘पा’ म्हणजे पाऊल असे शब्द जोडले जाऊ लागले. कण खाण्याला, थेंब पिण्याला, पाऊल चालण्याला. या शर्यतीत ‘पा’ जिंकला आणि सगळ्या क्रियापदांना लागू लागला. पाऊल हा अर्थ विरला, उरला नुसता नकार. कमकुवत झालेल्या नकाराला दुसऱ्या शब्दाने टेकू द्यायचा आणि शेवटी टेकूच मूळ नकार होऊन बसायचा, ही चाल अनेक भाषांत दिसते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्परसन यांनी 1917 साली तिचे सविस्तर वर्णन केले.

अशा मापाच्या शब्दानंतर वस्तू ‘द’ने जोडली जाते, आणि तिथे निश्चित उपपदाचे काम उरत नाही. आजही ‘पुष्कळ भात’ म्हणजे ‘बोकू द री’, ‘किलोभर तांदूळ’ म्हणजे ‘अँ किलो द री’. ‘पा द री’ त्याच रांगेत बसते; फरक इतकाच की इथे माप शून्य आहे. नियम पाठ करण्याऐवजी ‘पा’ हे शून्याचे माप समजावे, म्हणजे ‘द’ आपोआप सुचतो.

अर्थात हा इतिहास सगळेच उलगडत नाही. ‘माझ्याकडे सायकल नाही’ हे ‘ज ने पा द वेलो’ असे होते. इथे ‘एक’ या अर्थाचे अनिश्चित उपपदही ‘द’ला जागा देते. सायकलीचा कण कोणी मोजत नाही. इथे जुनी रचना साम्याने पसरली, असेच म्हणावे लागते.

विद्यार्थी चुकतात ते बहुधा पुढच्या टप्प्यावर. नियम एकदा पक्का झाला की प्रत्येक ‘पा’नंतर ‘द’ टाकला जातो, आणि तेही चूकच ठरते. शाकाहारी मराठी माणसाचे उदाहरण घ्यावे. तो पॅरिसच्या उपाहारगृहात ‘ज न माँज पा द व्याँद’ म्हणतो: मी मांस खात नाही, अजिबात नाही. ‘मला मांस आवडत नाही’ म्हणायचे असेल तर मात्र ‘ज नेम पा ला व्याँद’. आवड-नावड संपूर्ण पदार्थाविषयी असते, त्याच्या अंशाविषयी नाही. होकारातही तिथे अंशवाचक नव्हते, म्हणून नकारात बदलण्यासारखे काही नाही. ताटात आलेल्या पदार्थाबद्दल त्याला शंका आली आणि वाढणारा म्हणाला, ‘स ने पा द ला व्याँद’, तर इथे पूर्ण ‘द ला’ टिकले आहे. ‘हे मांस नव्हे’ असा त्याचा अर्थ. वस्तूचे प्रमाण नाकारलेले नाही, तिची ओळख नाकारली आहे. ती दुसरीच काही वस्तू आहे. म्हणून ‘असणे’ या क्रियापदासोबत उपपद जागचे हलत नाही.

हाच भेद इतर क्रियापदांतही उमटतो. ‘ज न माँज पा द ला व्याँद, मे द्यू प्वासों’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ ‘मी खातोय ते मांस नव्हे, मासा आहे’ असा होतो. ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. शाकाहारी पाहुण्याने वाक्य अर्ध्यावर सोडले तर त्याला मासा वाढला जाण्याचा धोका आहे. तसेच ‘ज न ब्वा क द लो’, म्हणजे मी फक्त पाणीच पितो. इथे ‘न’ दिसत असला तरी पाणी नाकारलेले नाही, म्हणून ‘द लो’ पूर्ण राहते.

उच्चाराचाही प्रश्न आहे. देवनागरीत लिहिलेले ‘द’ आणि ‘दे’ यांतील अंतर कानाला थोडेच वाटते, पण ‘पा द पॉम’ऐवजी ‘पा दे पॉम’ म्हटले की चूक लगेच उघडी पडते. त्याहून अवघड शब्द ‘प्ल्यू’. ‘इल न्या प्ल्यू द री’ म्हणजे भात संपला. बोलताना फ्रेंच लोक ‘न’ सर्रास गाळतात, आणि मग ‘या प्ल्यू द री’ एवढेच उरते. शेवटचा ‘स’ उच्चारून ‘या प्ल्यूस द री’ म्हटले की अर्थ नेमका उलटा होतो: भात जास्त आहे. दोन्हींचे स्पेलिंग एकच, दोन्हींत ‘द’ आहे, कारण दोन्ही मापेच आहेत. एक शून्य, दुसरे अधिक. दुकानातल्या घाईत हा ‘स’ ऐकू आला की नाही, यावरच काय ते ठरते.