सरासऱ्यांची सरासरी (पिव्होट टेबल)

सरासऱ्यांची सरासरी ही पिव्होट टेबलच्या एकूण ओळीत (`Grand Total`) आढळणारी एक गणनचूक आहे. गटांच्या सरासऱ्या किंवा प्रति-एकक दर यांची मूळ नोंदींवरून पुन्हा गणना न करता त्यांचीच सरासरी काढली, की ही चूक घडते. गटांचे आकारमान असमान असेल, तर असे उत्तर खऱ्या एकूण सरासरीपासून बरेच दूर जाऊ शकते. आकडा दिसायला विश्वासार्ह असतो आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही, त्यामुळे ही चूक सहसा लक्षात येत नाही.

## उदाहरण

एका शेतकरी उत्पादक कंपनीने तीन महिन्यांत चार सौद्यांत कांदा विकला, असे मानू. प्रत्येक सौद्याची एक नोंद आहे.

| महिना | वजन (क्विंटल) | भाव (रु. प्रति क्विंटल) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| एप्रिल | १०० | १,२०० | १,२०,००० |
| एप्रिल | ३०० | १,००० | ३,००,००० |
| मे | ८० | १,५०० | १,२०,००० |
| जून | २० | २,५०० | ५०,००० |
| एकूण | ५०० | | ५,९०,००० |

या नोंदींवरून मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये महिनावार पिव्होट टेबल तयार केले आणि भावाच्या स्तंभासाठी `Average` हा पर्याय निवडला, तर एप्रिलसमोर १,१००, मेसमोर १,५००, जूनसमोर २,५०० आणि एकूण ओळीत १,५५० हे आकडे दिसतात. प्रत्यक्षात ५०० क्विंटल कांद्याचे ५,९०,००० रुपये मिळालेले असल्याने खरा सरासरी भाव १,१८० रुपये आहे.

उत्पादन, साठवण आणि वाहतूक मिळून खर्च प्रति क्विंटल १,३०० रुपये आला असेल, तर १,५५० या आकड्यावरून क्विंटलमागे २५० रुपये, म्हणजे एकूण १,२५,००० रुपये नफा झाल्याचे दिसते. वास्तविक क्विंटलमागे १२० रुपये, म्हणजे एकूण ६०,००० रुपये तोटा झालेला असतो.

## कारण

भाव ही मुळातच भागाकाराने मिळालेली राशी आहे. रकमेला वजनाने भागले की भाव मिळतो. `Average` हा पर्याय मात्र समोरच्या स्तंभातील संख्यांची बेरीज करून तिला नोंदींच्या संख्येने भागतो. वरील उदाहरणात तो ६,२०० ला ४ ने भागतो. त्यामुळे जूनमधील २० क्विंटलच्या सौद्याला एप्रिलमधील ३०० क्विंटलच्या सौद्याइतकेच महत्त्व मिळते. माल थोडा असताना भाव चढा राहिल्याने एकूण आकडा वर सरकतो.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. एक्सेलच्या पिव्होट टेबलमधील एकूण ओळ वर दिसणाऱ्या महिनावार सरासऱ्यांवरून काढलेली नसते, ती मूळ नोंदींवरून काढलेली असते. वरच्या तीन आकड्यांची सरासरी हाताने काढल्यास १,७०० येते. टेबल १,५५० दाखवते, म्हणून टेबल चुकले असे काहींना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. १,७०० मध्ये प्रत्येक महिन्याला समान भार दिला जातो, तर १,५५० मध्ये प्रत्येक नोंदीला. योग्य उत्तरासाठी प्रत्येक क्विंटलला समान भार हवा. यालाच भारित सरासरी म्हणतात.

मूळ नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण किंवा प्रत्येक रुग्णाचे वय असे एकेका घटकाचे मोजमाप असेल, तर `Average` ची एकूण ओळ बरोबर येते. स्रोतातील प्रत्येक ओळच आधी काढलेली सरासरी, टक्केवारी किंवा दर असेल, तेव्हा चूक उद्भवते.

## दुरुस्ती

दुरुस्तीचे तत्त्व असे, की अंश आणि छेद यांची बेरीज आधी करावी आणि भागाकार शेवटी करावा. एक्सेलमध्ये त्यासाठी परिगणित क्षेत्राची सोय आहे. `PivotTable Analyze` या टॅबमधील `Fields, Items, & Sets` खाली `Calculated Field` निवडून नवे क्षेत्र तयार करता येते. स्रोतातील स्तंभांची नावे `Amount` आणि `Quantity` असतील, तर सूत्र असे होते:

```
=Amount/Quantity
```

परिगणित क्षेत्र प्रथम त्या त्या ओळीतील सर्व नोंदींची बेरीज करते आणि नंतर सूत्र लावते. त्यामुळे एप्रिलसमोर १,०५० आणि एकूण ओळीत १,१८० मिळतात. या क्षेत्राच्या शीर्षकात `Sum of` असे शब्द दिसतात, परंतु त्याचा अर्थ भावांची बेरीज झाली असा नसतो. स्रोतात रकमेचा स्तंभ नसल्यास वजन आणि भाव यांचा गुणाकार करणारा स्तंभ आधी जोडावा लागतो.

डेटा मॉडेलवर आधारलेल्या पिव्होट टेबलमध्ये परिगणित क्षेत्र उपलब्ध नसते. तेथे डॅक्स भाषेतील मापक लिहितात:

```
Net Rate := DIVIDE(SUM(Sales[Amount]), SUM(Sales[Quantity]))
```

हे मापक एकूण ओळीसाठी सर्व नोंदींवर नव्याने मोजले जाते. याउलट पुढील मापक महिन्यांचे भाव बरोबर दाखवते, पण एकूण ओळीत १,०५०, १,५०० आणि २,५०० यांची साधी सरासरी, म्हणजे सुमारे १,६८३ देते:

```
AVERAGEX(VALUES(Sales[Month]), [Net Rate])
```

## चूक ओळखणे

एकूण ओळीतील सरासरीला एकूण वजनाने गुणल्यास एकूण रक्कम मिळाली पाहिजे. १,१८० गुणिले ५०० म्हणजे ५,९०,०००, हे नोंदींशी जुळते. १,५५० गुणिले ५०० म्हणजे ७,७५,००० होतात आणि एवढी रक्कम कोणत्याही नोंदीत नाही. एकूण सरासरी ही गटांच्या किमान आणि कमाल सरासरीच्या दरम्यान आहे का, एवढेच पाहणे पुरेसे नसते, कारण चुकीची उत्तरेही त्याच मर्यादेत येतात.

## मर्यादा आणि अपवाद

सर्व गटांचे आकारमान समान असेल, तर गटांच्या सरासऱ्यांची सरासरी आणि खरी एकूण सरासरी एकच येते. प्रश्नच गटांविषयी असेल, उदाहरणार्थ, महिन्यामहिन्याचा भाव समान महत्त्वाचा मानून बाजाराची पातळी पाहायची असेल, तर साधी सरासरीही योग्य ठरते. मात्र तिच्यावरून एकूण उत्पन्न किंवा नफा काढता येत नाही.

भारित गणनेतही रिकाम्या नोंदींची काळजी घ्यावी लागते. एखाद्या सौद्याचे वजन नोंदले असून रक्कम अद्याप भरलेली नसेल, तर ते वजन छेदात मोजले जाते, अंशात मात्र काहीच येत नाही. परिणामी भाव खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अशा नोंदी गाळून गणना करावी लागते. स्रोतात केवळ सरासऱ्याच असतील आणि गटांचे आकारमान नोंदलेले नसेल, तर खरी एकूण सरासरी कोणत्याही सूत्राने परत मिळवता येत नाही.