१२. लिलिएन्थाल
१२. ऑटो लिलिएन्थाल (१८४८–१८९६) : जर्मन अभियंता. इंजिनाचे विमान उडण्याआधी त्याने टेकडीवरून धावत जाऊन ग्लायडरने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. पंखांखाली हातांवर लोंबकळत, पाय पुढेमागे झोकून तो तोल सांभाळी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, पंखांची उचल संपली. त्याने पाय पुढे झोकले, पण ग्लायडर सावरला नाही. सुमारे पंधरा मीटरवरून तो कोसळला, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला. नुसत्या शरीरभाराने तोल राखणे अपुरे, हे राइट बंधूंनी यावरून ओळखले. म्हणून त्यांनी पंखांची टोके दोरांनी पिळण्याची आणि पुढच्या आडव्या सुकाणूची सोय केली.