बांगडी-अंगठीच्या फोटोत हाताच्या शिरा, कोरडी त्वचा उठून दिसते? आधी हात, मग फोन

चिंचणी-तारापूर परिसरात दागिन्यांचे डाय घडवणारे कारागीर अनेक आहेत. पत्र्यावर नक्षी उठते ती या डायमुळे. पालघर-बोईसरमध्ये दागिने आता व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरूनही दाखवले जातात, तेही बहुतेकदा घरातल्याच कुणाच्या हातात घालून. फोटो मोठा करून पाहिला की हिरव्यागार शिरा, बोटांच्या पेरांवरची पांढरट त्वचा आणि तुटकी नखं दिसतात. मग आपण फिल्टर लावतो आणि हातासोबत नक्षीही पुसली जाते. हे कसं टाळायचं?

शिरा उठून का दिसतात?

हात खाली लोंबकळत असला की मनगट आणि पंजाच्या शिरांमध्ये रक्त साचतं आणि त्या फुगतात. उन्हात किंवा गॅसजवळ काम केल्यावर त्या आणखी फुगतात. वयानुसार त्वचेखालची चरबी कमी होते, त्यामुळेही शिरा दिसू लागतात. यातल्या पहिल्या दोन कारणांवर फोटोपुरता उपाय आहे. दागिने घालून हात मिनिटभर खांद्याच्या वर धरा, खाली आणा आणि लगेच फोटो काढा. थोड्याच वेळात शिरा पुन्हा भरतात, म्हणून फ्रेम आणि फोकस आधीच ठरवून ठेवा. मूठ आवळू नका, बोटं सैल ठेवा.

त्वचा आणि नखं

मॉइश्चरायझर फोटोच्या साधारण १५ मिनिटं आधी लावा आणि उरलेला टिश्यूने टिपून घ्या. ऐनवेळी लावला तर त्वचा चमकते आणि सोन्यावर बोटांचे ठसे उमटतात. पेरांवर आणि नखांच्या कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ थर पुरतो. नखं सगळ्यात लहान नखाच्या मापाने एकाच दिशेने घासून सारखी करा. अॅपमध्ये नख 'वाढवायला' गेलात तर बोटाचा आकार बदलतो आणि अंगठी लंबगोल दिसू लागते.

उजेड कुठून हवा?

बाजूने येणारा कडक उजेड प्रत्येक शिरेची आणि सुरकुतीची सावली पाडतो. खिडकीसमोर, थेट ऊन येणार नाही अशा जागी, हाताची दर्शनी बाजू उजेडाकडे करून बसा. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली मऊ होते. फोन हाताला चिकटवू नका. थोडं मागे जाऊन 2x वर काढा, म्हणजे पुढची बोटं फुगीर दिसणार नाहीत.

मग एडिटिंग

समजा, हातात हिरवा चुडा, दोन पाटल्या आणि एक अंगठी आहे. Snapseed मध्ये हे असं करता येईल:

१. नखाजवळ निघालेली कातडी, छोटे डाग यांच्यासाठीच Healing वापरा. लांब शिरेवर ते फिरवलं तर त्वचेवर धब्बे पडतात.

२. शिरेसाठी Selective घ्या. शिरेवर बिंदू ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ लहान करा. लाल दिसणाऱ्या भागावरच परिणाम होतो. Saturation साधारण -15, Brightness +10 करा. शीर पूर्ण घालवू नका, फिकी करा.

३. कोरड्या त्वचेसाठी Details मध्ये Structure -20 च्या आसपास ठेवा. यामुळे दागिन्यांची नक्षीही मऊ होते, म्हणून View edits मध्ये जाऊन ब्रशने हा बदल फक्त त्वचेवर रंगवा.

दोन ठिकाणी गफलत होते. शिरांचा हिरवा-निळा रंग घालवायला संपूर्ण फोटोचा तो रंग कमी केला, तर हिरवा चुडा राखाडी पडतो. आणि सोन्याचा रंग त्वचेच्या जवळचा असल्यामुळे Selective चं वर्तुळ पाटलीवर गेलं की सोनं फिकट होतं. म्हणून लाल भाग पाटलीच्या कडेला लागला की वर्तुळ आणखी लहान करा.

जास्त झालं हे कसं ओळखायचं?

मूळ फोटोशी तुलना करा. पेरांवरच्या रेषा गायब झाल्या असतील, बांगडीची कड लहरली असेल किंवा हात मनगटापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसत असेल, तर एक पायरी मागे या.

विक्रीसाठी फोटो असेल तर दागिन्याचा रंग, जाडी आणि झळाळी बदलू नका. बोट बारीक केलं की अंगठी मोठी वाटते आणि वस्तू हातात आल्यावर ग्राहक परत पाठवतो. दागिन्याचा एक फोटो हाताशिवाय, पट्टी ठेवून काढलेलाही द्या. त्यावरून ग्राहकाला खरं माप कळतं.

एखादी शीर अचानक सुजली, लाल झाली किंवा दुखू लागली, तर तो फोटोचा विषय नाही. डॉक्टरांना दाखवा.